हॉस्टेलच्या नियमांच्या पाटीचा फोटो अरबीत नेताना ‘कृपया’ आणि ‘दंड’ दोन्ही बिघडतात, त्यावर उपाय

तक्रार दर वेळी सारखीच असते. हॉस्टेलच्या भिंतीवरची मराठी सूचना कोणीतरी फोनने टिपतं, फोटोतून मजकूर उचलणाऱ्या ॲपमध्ये टाकतं, अरबी भाषांतर काढतं, छापून मूळ सूचनेच्या शेजारी लावतं. येमेन, सुदानकडचे पोट्टे ते वाचतात आणि दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर काही वाक्यं त्यांना खेकसल्यासारखी लागतात, किंवा वाक्यं इतकी मऊ निघतात की रात्री दहाची वेळ हा नियम आहे की सल्ला, हेच कळत नाही. मग वॉर्डन म्हणतात, “अरबीत लिहून देल्लं ना भाऊ, तरी काहून ऐकून नाही राहिले?”

ऐकत नाहीत कारण अरबीत तसं लिहिलेलंच नसतं. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका खाजगी मुलांच्या हॉस्टेलची सूचना अलीकडे माझ्याकडे आली होती. तिच्यात नेहमीच्या जवळपास सगळ्या चुका एकत्र सापडल्या, म्हणून तीच घेऊन बसू. मूळ मराठी मजकूर असा:

१. गेट रात्री १० वाजता बंद होईल. सर्वांनी त्याआधी हजर राहावे.
२. उशिरा येणाऱ्यास रु. २००/- दंड आकारण्यात येईल.
३. गिझर व कूलर वापर झाल्यावर बंद करावे.
४. मेसची वेळ: सकाळी ८ ते ९.३०, रात्री ८ ते ९.३०.
५. बाहेरील व्यक्तीस खोलीत आणण्यास सक्त मनाई आहे.
६. नियम मोडणाऱ्यावर योग्य ती कारवाई करून अनामत रक्कम जप्त करण्यात येईल व वसतिगृहातून काढून टाकण्यात येईल.

खाली एका ओळीत रॅगिंगबद्दलचा इशारा आणि हेल्पलाइनचा नंबर होता.

आधी फोटो तपासा

भाषांतर चुकलं असं आपण म्हणतो, पण अर्धी चूक त्याच्याही आधी झालेली असते. या सूचनेत दुसऱ्या कलमातले २०० पेनाने खोडून वर ५०० केलेले होते. दर वाढला, नवा कागद काढायचा कंटाळा केला, एवढीच गोष्ट. ॲपने छापील अक्षरं वाचली आणि पेनाची दुरुस्ती रेघोटी समजून सोडून दिली. अरबी सूचनेत दंड २०० झाला. मराठी पोट्ट्यांना ५००, अरबी पोट्ट्यांना २००. यावरून भांडण होणारच होतं.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे चकाकी. सूचना लॅमिनेट केलेली असते किंवा काचेमागे असते आणि वर ट्यूबलाइट असते. पांढरा पट्टा नेमका एखाद्या आकड्यावर येतो. मराठी १ आणि ९, ५ आणि ४ धूसर फोटोत एकमेकांची जागा घेतात. फ्लॅश लावला तर आणखीच वाईट. ट्यूब बंद करून दिवसाच्या उजेडात, कागदाच्या अगदी समोर उभं राहून फोटो काढा. तिरका काढला की वरच्या ओळी लहान होतात आणि काना-मात्रा गळतात. फ्रेमची खालची कड आवर्जून बघा. शिक्षेचं कलम बहुतेक सूचनांत शेवटी असतं आणि कापली जाते ती शेवटचीच ओळ.

यावर माझा उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो. ॲपने उचललेला मराठी मजकूर सरळ अरबीत पाठवायचा नाही. आधी तो मराठीतच टाइप करून घ्यायचा, भिंतीवरच्या कागदाशी ओळ न ओळ ताडायचा आणि त्यातले आकडे वेगळ्या कागदावर उतरवायचे: वेळा, रकमा, दिवस, फोन नंबर. खाडाखोड दिसली तर वॉर्डनना विचारायचं, आपण अंदाज बांधायचा नाही. हा आकड्यांचा कागद शेवटपर्यंत हाताशी ठेवा. पुढे तो दोनदा लागणार आहे.

‘करावे’ हे अरबीत सल्ला होऊन बसतं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि तो मराठी वाचणाऱ्याला दिसत नाही.

आपल्या सूचनांची भाषा ‘-ावे’ वर चालते. हजर राहावे, बंद करावे, सही करावी. दिसायला हे सौम्य आहे, पण सरकारी कागद वाचत मोठा झालेला मराठी माणूस त्यातला हुकूम बरोबर ओळखतो. ‘सर्वांनी हजर राहावे’ म्हणजे यावंच लागेल. हे वाक्य अरबीत जाताना मधे इंग्रजीच्या सावलीतून गेलं, की त्याचं ‘शुड’ होतं, आणि तिथून अरबीत ‘यंबगी’ येतं. ‘यंबगी’ म्हणजे ‘तसं करणं बरं, उचित’. डॉक्टर म्हणतो ना, रोज थोडं चालायला पाहिजे, त्या सुराचा शब्द. पहिल्या कलमात तो आला होता. वाचणाऱ्याने सल्ला समजून बाजूला ठेवला तर त्याची चूक म्हणता येत नाही.

याच्या उलट टोकाला थेट आज्ञार्थ असतो. तिसऱ्या कलमात गिझरपुढे आलं होतं ‘अग्लिक’, म्हणजे एकट्या पुरुषाला केलेली आज्ञा, ‘बंद कर’. अरबीत आज्ञार्थाला लिंग आणि वचन असतं. हेच मुलींच्या हॉस्टेलमध्ये लावलं तर ‘अग्लिकी’ पाहिजे. आणि एकवचनी आज्ञा भिंतीवर लिहिली की ती दरडावल्यासारखी वाटते.

अरबी सूचनांची स्वतःची पद्धत या दोन्हींच्या मधली आहे. तिच्या पायऱ्या चारच आहेत, त्या ओळखल्या की काम सोपं होतं.

विनंतीसाठी ‘युर्जा’ आणि त्यापुढे क्रियावाचक नाम. ‘युर्जा इत्फाउ…’ म्हणजे ‘…बंद करण्याची विनंती आहे’. यात समोरच्याला तू-तुम्ही काहीच म्हणावं लागत नाही, त्यामुळे लिंगाचा प्रश्नही सुटतो. बंधनासाठी ‘अला’ वापरतात: ‘अला जमीइत्तुल्लाब’, म्हणजे ‘सर्व विद्यार्थ्यांवर आहे की…’. आवाज चढत नाही, पण पळवाटही राहत नाही. ‘यजिब’ सुद्धा चालतं, ते जरा जास्त कडक. मनाईसाठी ‘युम्नउ’, आणि मूळ मराठीत ‘सक्त’ असेल तरच ‘युम्नउ मनअन बात्तन’. शिक्षेसाठी कर्मणी क्रियापद: ‘तुफ्रदु गरामा’, म्हणजे ‘दंड लावला जातो’.

मग ‘-ावे’ कुठे बसवायचं, युर्जाखाली की अलाखाली? मराठी वाक्य ते सांगत नाही. मी एकच गोष्ट बघतो. तो नियम मोडला तर काही होणार आहे का? पहिल्या कलमातल्या ‘हजर राहावे’ मागे दुसऱ्या कलमातला दंड उभा आहे, म्हणून तिथे ‘अला’. तिसऱ्या कलमातल्या गिझर-कूलरला दंड नाही, म्हणून ‘युर्जा’. शंका असेल तर वॉर्डनना सरळ विचारायचं: “कोणी कूलर चालू ठेवला तर पैसे घेता का?” हो म्हणाले तर ती ओळ एक पायरी वर सरकते, आणि दंडही मराठी सूचनेत लिहायला सांगायचं. अरबीत आपण तो परस्पर घालायचा नाही.

एक शब्द टाळाच. मनाईसाठी काही जण ‘मुहर्रम’ किंवा ‘हराम’च्या घरातला शब्द उचलतात, कारण तो आपल्याही कानावर असतो. तो धर्माचा शब्द आहे. पाहुण्याला खोलीत आणणं हॉस्टेलच्या नियमात बसत नाही, पण त्यासाठी कोणाला पापी ठरवायचं नसतं. ‘मम्नूअ’ आणि ‘महज़ूर’ हे कार्यालयीन शब्द आहेत, ते वापरा.

‘दंड’ म्हणजे पैसे, की शिक्षा?

मराठीत ‘दंड’ दोन्ही अर्थांनी चालतो. अरबीत पैशाच्या दंडाला ‘गरामा’ म्हणतात आणि शिक्षेला ‘उकूबा’. माझ्याकडे आलेल्या मसुद्यात उशिरा येणाऱ्याला ‘उकूबा’ होती, २०० रुपयांची. वाचताना एखाद्याला गुन्हेगार ठरवून शिक्षा फर्मावल्यासारखं वाटतं. आणि गंमत अशी की रॅगिंगच्या ओळीत, जिथे खरंच कायद्याची शिक्षा आहे, तिथे ‘दंडनीय’चं भाषांतर गरामावरून झालं होतं. म्हणजे रॅगिंग केलं तर थोडे पैसे भरा आणि सुटा. दोन्हींची नेमकी अदलाबदल झाली होती.

रॅगिंगची ओळ हॉस्टेलच्या बाकीच्या नियमांसारखी नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे. त्यात २ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियमही आहेत. म्हणून तिथे अरबीतला ठरलेला शब्दप्रयोग घ्यायचा, ‘जरीमा युआकिबु अलैहल कानून’, कायद्याने शिक्षापात्र गुन्हा. ‘रॅगिंग’ हा शब्द अरबी अक्षरांत नुसता लिहून भागत नाही. ‘नव्या विद्यार्थ्यांना त्रास देणं किंवा छळणं’ असं उलगडून लिहायचं आणि मूळ शब्द कंसात ठेवायचा, म्हणजे तक्रार करताना तो पोट्ट्याला बोलता येतो.

आता सहावं कलम. यात तीन सापळे आहेत.

‘योग्य ती कारवाई’ हे ‘अमलिय्या’ होऊन आलं होतं. तो ऑपरेशनसाठीचा शब्द आहे, शस्त्रक्रियेचंही आणि लष्कराचंही. इथे पाहिजे ‘इज्रा’. ‘अल-इज्रा अल-मुनासिब’ म्हणजे आपली ‘योग्य ती कारवाई’, तितकीच मोघम आणि तितकीच कार्यालयीन. मूळ मोघम असेल तर भाषांतर मोघमच ठेवायचं. आपण ती स्पष्ट करायला गेलो तर हॉस्टेलने न दिलेला शब्द आपण दिला असं होतं.

‘अनामत’ इंग्रजीतल्या डिपॉझिटच्या वाटेने ‘ईदाअ’ झाली होती, म्हणजे बँकेत पैसे भरणं. ‘भरणा जप्त करण्यात येईल’ वाचून एकाला वाटलं, बँक खातंच गोठवणार. घरभाड्याच्या अनामतीला अरबीत ‘मब्लग अत-तअमीन’ म्हणतात. एकट्या ‘तअमीन’चा अर्थ विमाही होतो, म्हणून आधी ‘मब्लग’, रक्कम, हे ठेवाच.

तिसरा सापळा सगळ्यात घातक: ‘काढून टाकण्यात येईल’. मसुद्यात होतं ‘फस्ल’. विद्यापीठाच्या संदर्भात फस्ल म्हणजे शिक्षणातूनच नाव काढणं, आणि कामाच्या ठिकाणी नोकरीवरून काढणं. हॉस्टेलला तो अधिकारच नाही. ‘तर्द’ बरोबर आहे, पण त्यात बखोटं धरून हाकलण्याचा भाव आहे. मी आधी ‘वास्तव्य संपवणं’ या अर्थाने ‘इन्हा अल-इकामा’ बघितलं होतं. पण आखातात राहून आलेल्याच्या कानाला ‘इकामा’ म्हणजे राहण्याचा सरकारी परवाना. परदेशी विद्यार्थ्याला परवाना जाणार असं वाटलं तर त्याची झोप उडेल. शेवटी ठेवलं ‘इख्ला अस-सकन’, हॉस्टेल रिकामं करणं, आणि त्याआधी ‘युल्ज़म’, तसं करणं भाग पडेल. अपमान नाही आणि संदिग्धताही नाही.

एमआयडीसीतल्या कंपनीची सूचना असेल तर हीच काळजी उलट्या बाजूने घ्यायची. तिथे ‘कामावरून काढणे’ साठी ‘फस्ल’ बरोबर आहे, पण ‘निलंबन’ वेगळं, ते ‘ईकाफ अनिल अमल’. या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला तर कामगाराला आपण परत येणार की नाही तेच कळत नाही.

शिक्षेच्या वाक्यात ‘कृपया’ घालू नका. पुष्कळ जण मऊपणा आणायला ‘मिन फद्लिक’ घालतात आणि ‘कृपया दंड आकारला जाईल’ असं काहीतरी तयार होतं. सौजन्याची जागा अरबी सूचनेत वर आणि खाली असते. सुरुवातीला आदराने संबोधायचं, शेवटी सहकार्याबद्दल आभार मानायचे. मधली कलमं कोरडी राहिली तरी उद्धट वाटत नाहीत. आपल्याकडे शेवटी ‘आदेशावरून’ लिहितात, त्याऐवजी तिथे आभार आणि खाली ‘इदारत अस-सकन’, हॉस्टेल व्यवस्थापन.

‘आकारण्यात येईल’ आणि ‘आकारला जाऊ शकतो’ यातला फरकही पाळा. पहिल्याला नुसतं ‘तुफ्रदु’, दुसऱ्याच्या आधी ‘कद’. ‘कद’ आलं की शक्यता झाली. मूळ सूचना ठाम असताना सभ्य दिसावं म्हणून ‘कद’ घालणं म्हणजे दंड ऐच्छिक करणं.

गिझर, मेस आणि वॉर्डन

हे पटकन सांगतो, कारण एकदा ओळखलं की पुन्हा चुकत नाही. ‘मेस’चं ‘फौदा’ होतं, म्हणजे गोंधळ. ‘गोंधळाची वेळ सकाळी ८ ते ९.३०’ ही ओळ हॉस्टेलमध्ये बरीच लोकप्रिय झाली होती, आणि खरं सांगायचं तर फार चुकीचीही नव्हती. तिथे ‘मवाईद अल-वजबात’, जेवणाच्या वेळा, असं लिहा. ‘गिझर’ जमिनीतून उसळणारा गरम झरा होतो, पाहिजे ‘सख्खान अल-मा’. ‘वॉर्डन’ काही वेळा तुरुंगाचा अधिकारी होऊन येतो, पाहिजे ‘मुशरिफ अस-सकन’. आणि आपला नागपुरी कूलर, गवताच्या जाळ्यांचा, पाण्याचा, त्याला नुसतं ‘मुबर्रिद’ म्हटलं तर पाणी थंड करायची मशीनही वाटू शकते. ‘मुकय्यिफ सहरावी’, वाळवंटी कूलर, म्हणा. मे महिन्यात इथे उतरलेल्याला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

‘बाहेरील व्यक्ती’ साठी ‘गुरबा’, परके, असं येतं. मित्राला परका म्हटल्याचं वाईट वाटतं. ‘हॉस्टेलच्या विद्यार्थ्यांव्यतिरिक्त कोणीही’ असं लिहिलं की अर्थ तोच राहतो आणि टोचत नाही.

आकड्यांचा कागद आता काढा

मराठी आकडे अरबी सूचनेत तसेच राहू देऊ नका. येमेन-सुदानकडे जे अरबी आकडे वापरतात त्यातला पाच गोल असतो, आपल्या शून्यासारखा, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यांचा नऊही आपल्या १ च्या जवळ जातो. म्हणजे आपलं ‘१०’ नव्या माणसाला पंचाण्णव वाटू शकतं. मी सगळीकडे 0 ते 9 हे आंतरराष्ट्रीय आकडे ठेवतो आणि रक्कम पुढे अक्षरीही लिहितो. मोरोक्को-अल्जीरियाकडच्यांनाही तेच सवयीचे असतात.

आपलं ‘/-’ काढून टाका. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत ती रेघ आकड्याच्या भलत्याच बाजूला जाते आणि ऋण चिन्हासारखी दिसते. ‘९.३०’ मधला टिंबही काढा, नाहीतर तो दशांश वाटतो. `9:30` असं विसर्गचिन्ह द्या.

मधल्या आडव्या रेघेचं दुखणं याहून मोठं आहे. अरबी अक्षरांनंतर आलेल्या आकड्यांमध्ये आडवी रेघ असेल तर स्क्रीनवर गटांचा क्रम उलटा होऊ शकतो. रॅगिंगच्या हेल्पलाइनचं असंच झालं होतं. `1800-180-5522` ऐवजी छापून आलं `5522-180-1800`. फोन नंबरात रेघ ठेवूच नका, सलग लिहा किंवा स्वतंत्र ओळीवर ठेवा. वेळेच्या ‘८ ते ९.३०’ मध्येही रेघेऐवजी ‘मिन… इला…’, म्हणजे ‘…पासून …पर्यंत’, असं शब्दांत लिहा.

कंपनीच्या सूचनेत ‘३ दिवसांत’, ‘१५ दिवसांत’ असं असतं, तिथे एक व्याकरणाची गोष्ट लक्षात ठेवा. अरबीत ३ ते १० पर्यंत पुढचं नाम अनेकवचनी, ‘अय्याम’, आणि ११ ते ९९ पर्यंत एकवचनी, ‘यौमन’. आकडा बदलला आणि शब्द तसाच ठेवला तर अर्थ कळतो, पण कच्चेपणा उघडा पडतो आणि सूचनेचा वचक जातो.

दुरुस्त सूचना

वॉर्डनना दोन प्रश्न विचारले. दंड ५००च ना? हो. प्रत्येक वेळी की महिन्यातून एकदा? प्रत्येक वेळी. दुसरं उत्तर मराठी सूचनेत नव्हतंच, ते आधी तिथे लिहायला लावलं आणि मग अरबीत घेतलं. भाषा प्रमाण अरबी ठेवली. इजिप्तची किंवा सुदानची बोली सूचनेत आणली की ती मित्राने पाठवलेल्या मेसेजसारखी वाटते.

```
الطلاب الكرام،
1. تُغلق البوابة الساعة 10:00 مساءً، وعلى جميع الطلاب الحضور قبل هذا الموعد.
2. تُفرض على من يتأخر غرامة قدرها 500 روبية (خمسمائة روبية هندية) عن كل مرة.
3. يُرجى إطفاء سخان الماء والمكيف الصحراوي بعد الاستعمال.
4. مواعيد الوجبات: الإفطار من الساعة 8:00 إلى الساعة 9:30 صباحًا، والعشاء من الساعة 8:00 إلى الساعة 9:30 مساءً.
5. يُمنع منعًا باتًا إدخال أي شخص من غير طلاب السكن إلى الغرف.
6. في حال مخالفة هذه التعليمات تتخذ الإدارة الإجراء المناسب، ويُصادَر مبلغ التأمين، ويُلزَم المخالف بإخلاء السكن.
إيذاء الطلاب الجدد أو مضايقتهم (راغينغ) جريمة يعاقب عليها القانون. هاتف المساعدة:
18001805522
شاكرين حسن تعاونكم
إدارة السكن
```

कलमांचे क्रमांक मराठीशी जुळवून ठेवले आहेत. दोन कागद शेजारी लागले की वॉर्डन मराठीतल्या सहाव्या कलमावर बोट ठेवू शकतात आणि पोट्टा अरबीतल्या सहाव्यावर.

मुलींच्या हॉस्टेलसाठी ‘तुल्लाब’ जागोजागी ‘तालिबात’ करा, आणि संबोधनातलं ‘किराम’ ‘करीमात’ होईल. दुसऱ्या कलमातलं ‘उशीर करणारा’, सहाव्यातलं ‘मोडणारा’ आणि त्याचं क्रियापद, रॅगिंगच्या ओळीतले ‘नव्या’ व ‘त्यांना’, आणि शेवटच्या आभारातलं ‘तुमच्या’ हे शब्दही बदलतात, ते विसरतात लोक. कर्मणी रचना ठेवल्यामुळे बाकी वाक्यं तशीच राहतात.

लावण्याआधीची परीक्षा

अरबी येणाऱ्या मुलाला “बरोबर आहे का?” असं विचारू नका. तो संकोचाने हो म्हणेल. प्रसंग विचारा. “तू सव्वा दहाला आलास तर काय होईल?” “महिन्यात तीनदा आलास तर किती भरशील?” “मित्राला खोलीत आणलंस तर कॉलेजमधून नाव जाईल का?” या हॉस्टेलच्या सूचनेवर पहिल्या दोनांची उत्तरं लगेच बरोबर आली: ५०० भरावे लागतील, आणि तीनदाचे १५००. तिसऱ्याला तो म्हणाला, कॉलेजमधून नाही, पण खोली सोडावी लागेल आणि अनामतही जाईल. म्हणजे सहावं कलम पोचलं. उत्तर देताना त्याने ‘बहुतेक’ म्हटलं असतं तर कुठेतरी ‘कद’ किंवा ‘यंबगी’ शिल्लक आहे असं समजून परत शोधलं असतं.

मग छपाई. सीताबर्डीत फ्लेक्स करायला दिलं तर मजकूर कॉपी-पेस्ट करून देऊ नका. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये अरबीची सोय चालू नसते. तिथे अक्षरं सुटी-सुटी पडतात आणि शब्द उलटा लागतो. आपणच पीडीएफ करून फॉन्टसकट द्या. अरबी न येणाऱ्यालाही पारख करता येते: ओळी उजव्या कडेला लागलेल्या असल्या पाहिजेत, पूर्णविराम डाव्या टोकाला असला पाहिजे, आणि तुमच्या पीडीएफमध्ये जिथे अक्षरं जोडलेली आहेत तिथे प्रुफातही जोडलेली दिसली पाहिजेत. सगळी एकेक वेगळी उभी दिसली तर तो फ्लेक्स परत करा. त्यानंतर आकड्यांचा कागद प्रुफाशी एकदा ताडा.

काही वॉर्डन शेवटी अशी ओळ घालायला सांगतात की दोन्हींत फरक पडल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा. मी ती स्वतःहून घालत नाही. भाषांतरातल्या चुकीचे पैसे मग मराठी न वाचणाऱ्या पोट्ट्याच्या खिशातून जातात. वॉर्डनचा आग्रहच असेल तर अरबी कागदाच्या खाली सही, शिक्का आणि तारीख त्यांच्याकडून घ्यायची. मराठीत पेनाने पुन्हा आकडा बदलला तर तारखांवरून कोणता कागद जुना ते लगेच दिसतं.